वाट पाहा, फुकट वाचा: कोरियन वेबटून ॲपमध्ये पैसे नेमके कशाचे लागतात?

एखाद्या गाजलेल्या ॲनिमेचा सीझन संपतो आणि पुढं काय झालं हे शोधत मुलं मूळ कॉमिककडे वळतात. काही वेळा हे कॉमिक कोरियन असतं आणि ते पुस्तकात नाही, मोबाइलच्या ॲपमध्ये वाचायचं असतं. पहिले चार-पाच भाग सरसर वाचून होतात. सहाव्या भागावर कुलूप दिसतं. कुलपाशेजारी एक घड्याळ उलटं धावत असतं आणि त्याखाली नाण्याचं चिन्ह असतं. महिनाअखेरीस आईबाबांच्या यूपीआयच्या यादीत प्ले स्टोअरच्या नावानं चार-पाच नोंदी दिसल्या की घरात विचारणा सुरू होते: हे फुकट आहे म्हणत होतास ना?

फुकट आहे आणि नाहीही. ही व्यवस्था कोरियात दहा वर्षांहून जास्त काळ मुरलेली आहे आणि बराच विचार करून रचलेली आहे. एकदा समजली की कुठे पैसे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे ठरवता येतं.

आधी थोडी ओळख

मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायच्या रंगीत कॉमिकला वेबटून म्हणतात. बहुतेक मालिकांचा आठवड्याला एक भाग येतो. कोरियात या धंद्यात दोन मोठे गट आहेत. एक नेव्हर, ज्याचं वेबटून 2004 पासून चालू आहे. दुसरा काकाओ, ज्याचं काकाओपेज हे ॲप 2013 मध्ये आलं. जपानमधलं पिक्कोमा हे काकाओचंच, ते 2016 मध्ये सुरू झालं. आपल्याकडच्या वाचकाच्या हाती बहुधा नेव्हरचं इंग्रजी ॲप पडतं, नाहीतर टॅपास, जे काकाओनं 2021 मध्ये विकत घेतलं.

काकाओपेज सुरुवातीला सपशेल आपटलं होतं. सगळा मजकूर पैसे देऊन वाचायचा, असा त्यांचा बेत होता. वाचक फिरकलेच नाहीत. 2014 मध्ये त्यांनी 'वाट पाहिलीत तर फुकट' ही सोय आणली आणि चित्र पालटलं. कोरियन वाचक तिला लाडानं 'गिदामू' म्हणतात. पुढे हीच युक्ती पिक्कोमानं जपानमध्ये नेली आणि काही वर्षांत ते तिथल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या कॉमिक ॲपमध्ये जाऊन बसलं.

नाणं आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी

नाणं म्हणजे तुम्ही खऱ्या पैशांनी विकत घेतलेली ॲपमधली रक्कम. नेव्हरच्या कोरियन ॲपमध्ये तिला कुकी म्हणतात, काकाओपेजवर कॅश, टॅपासवर इंक, पिक्कोमावर कॉइन. नावं निराळी, काम एकच. नाणं कुठल्याही मालिकेवर खर्च करता येतं.

तिकीट मात्र एका मालिकेला बांधलेलं असतं. एका तिकिटावर त्या मालिकेचा एक भाग उघडतो. तिकीट नाण्यांनी घेता येतं, एखाद्या सणाला ॲप भेट म्हणून देतं, किंवा वाट पाहिल्यावर फुकट मिळतं. कुलपाशेजारचं घड्याळ या शेवटच्या तिकिटाचं असतं.

तिकिटाचे दोन प्रकार असतात आणि इथे लक्ष द्यायला हवं. एक भाड्याचं, एक कायमचं. आपल्याकडे गल्लीतल्या लायब्ररीत कादंबरी भाड्यानं आणायचो आणि फारच आवडली तर दुकानातून विकत घ्यायचो, तसाच हा फरक. कोरियातही ही सवय जुनी आहे. 1997 च्या आर्थिक संकटानंतर तिथे कॉमिक भाड्यानं देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली होती. आजच्या ॲपमध्ये भाड्याचा कारभार त्याच वळणाचा आहे. वाट पाहून मिळालेलं तिकीट जवळजवळ नेहमीच भाड्याचं असतं. पिक्कोमावर उघडलेला भाग 72 तास उघडा राहतो, नेव्हरच्या इंग्रजी ॲपमधल्या रोजच्या फुकट भागाला 14 दिवसांची मुदत असते. मुदत संपली की कुलूप पुन्हा लागतं. आठवण ताजी करायला म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा भाग उघडायला गेलात, तर पुन्हा तिकीट मोजावं लागतं.

घड्याळ कधी सुरू होतं?

सगळी गंमत या प्रश्नात आहे. बहुतेकांची समजूत अशी की दिवसाला एक तिकीट मिळतं, म्हणजे आठवडाभर ॲप उघडलं नाही तर रविवारी सात तिकिटं जमा असतील आणि निवांत सात भाग वाचता येतील. तसं होत नाही. वाट पाहून मिळणारं तिकीट एका वेळी एकच असतं. ते वापरलं नाही तर तिथेच पडून राहतं आणि पुढचं तयार होत नाही. वापरलं त्या क्षणी घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

मोबाइल गेममध्ये 'जीव' वेळेनुसार भरत जातात, तिथूनच ही कल्पना आलेली दिसते. पण गेम दिलदार असतात, पाच जीव तरी साठू देतात. इथे साठा एकाचा.

याचा परिणाम बघा. समजा एका मालिकेला 24 तासांचं घड्याळ आहे. सोमवारी रात्री 10 वाजता तुम्ही भाग उघडलात. मंगळवारी 10 ला तिकीट तयार. पण तुम्ही जेवून, भांडी आवरून 10:40 ला फोन हातात घेतलात. आता पुढचं तिकीट बुधवारी 10:40 ला. बुधवारी 11:15, गुरुवारी पावणेबारा. शुक्रवारी डोळे मिटायला लागतात आणि भाग शनिवारी सकाळवर जातो. म्हणजे एक रात्र बुडाली. वाचक सरळ माणूस असेल, तर तो रोज थोडा उशिरा येणारच, आणि 24 तासांचं घड्याळ तो उशीर पुढे पुढे ढकलत नेतं.

पिक्कोमानं म्हणूनच घड्याळ 23 तासांचं ठेवलं. एका तासाची सूट मिळाली की रोज रात्री 10 च्या सुमाराला वाचणाऱ्याचा दिवस बुडत नाही. वरवर हा वाचकावरचा उपकार आहे. खरं तर त्यानं रोज त्याच वेळी ॲप उघडावं, याची ती सोय आहे. लोकलमध्ये बसल्यावर, झोपण्यापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत. सवय एकदा लागली की तिला जाहिरात करावी लागत नाही.

शिवाय प्रत्येक मालिकेचं घड्याळ स्वतंत्र असतं. दहा मालिका सुरू केल्यात तर दिवसाला दहा भाग फुकट मिळतील, दहा वेगवेगळ्या वेळी. काही मालिकांना तीन तासांचंही घड्याळ असतं, म्हणून कुलपाशेजारचा आकडा मालिकेगणिक पाहावा.

फोनची तारीख पुढे करून घड्याळ फसवायचा प्रयोग मुलं करून बघतातच. तो चालत नाही, कारण वेळ फोनमध्ये नाही, कंपनीच्या सर्व्हरवर मोजली जाते.

एक हिशेब मांडून पाहू

एका चालू मालिकेचे आजवर 200 भाग आले आहेत असं धरा. पहिले 5 सगळ्यांना खुले. मधले भाग रोज एक, वाट पाहून. आणि सर्वांत ताजे 10 भाग फक्त नाण्यांवर. त्यांना वाट पाहायची सोय लागू नाही. आकडे मी हिशेबासाठी घेतलेत, पण मांडणी हीच असते. ताज्या भागांची ही भिंत जवळजवळ प्रत्येक चालू मालिकेला असते आणि मालिकेच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेली असते.

म्हणजे आज वाट पाहून वाचता येतील असे 185 भाग आहेत. आठवड्यातला एक दिवस बुडतो असं धरलं तर तुम्ही आठवड्याला 6 भाग वाचाल. पण लेखकही बसलेला नाही, तो दर आठवड्याला एक नवा भाग टाकतोय, त्यामुळे भिंतही आठवड्याला एका भागानं पुढे सरकते. अंतर तुटतं ते आठवड्याला 5 भागांनी. 185 भागिले 5, म्हणजे 37 आठवडे. साधारण साडेआठ महिन्यांनी तुम्ही 227 व्या भागापाशी भिंतीला येऊन टेकता, आणि एक पैसा खर्च झालेला नसतो.

याउलट तेच 185 भाग आज रात्रीपासून सलग वाचायचे ठरवले, आणि भाड्याचं तिकीट भागामागे 300 वॉनचं धरलं, तर 55,500 वॉन लागतील. एक वॉन म्हणजे साधारण सहा पैसे, तेव्हा तीन हजार रुपयांच्या वर. तेही भाड्यानं, वाचून झाल्यावर हातात काही उरत नाही.

दोन्ही वाचकांनी वाचली तीच चित्रं, तेच संवाद. फरक साडेआठ महिन्यांचा. म्हणजे या ॲपमध्ये कथेची किंमत लावलेलीच नाही, लावलेली आहे ती न थांबण्याची.

भिंतीपाशी पोचल्यावर

आता 37 आठवडे संपले. रोजचं तिकीट अजूनही तयार होतं, पण त्याला उघडायला भागच नाही. भिंत आठवड्याला एकदा सरकते, तेव्हा एक भाग वाचायला मिळतो. इथून पुढे तुमचं घड्याळ ॲपच्या नाही, लेखकाच्या हातात. तुम्ही कथेत कायमचे 10 भाग मागे, बाकी काही नुकसान नाही.

बहुतेक जण इथेच पाकीट काढतात. भिंतीपलीकडच्या 10 भागांना 3,000 वॉन, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे रुपये. एकदाच तर द्यायचे, असं वाटतं. पण त्या पैशात तुम्हाला काय मिळालं? हे दहाही भाग पुढच्या दहा आठवड्यांत तुम्हाला फुकट मिळणारच होते. तुम्ही रांगेत दहा जागा पुढे आलात, एवढंच. आणि ती जागा टिकवायची तर आता दर आठवड्याला येणारा नवा भागही नाणी देऊनच उघडावा लागेल, मालिका संपेपर्यंत.

बरं, मध्येच थांबलात तर? मग पुढचे दहा आठवडे या मालिकेत तुमच्यासाठी काहीच नवं नाही. भिंत हळूहळू सरकत तुम्ही आधीच वाचलेल्या भागांवरून जात राहील. पैसे देऊन मिळवलेली आघाडी सोडायची तर ती अशी अडीच महिन्यांच्या उपासानं फेडावी लागते. म्हणून एकदा पुढे गेलेला वाचक सहसा मागे येत नाही. कंपनीला खरा भाव असतो तो याच वाचकाचा. 55,500 वॉन एका रात्रीत उडवणारा विरळा.

माझं मत विचाराल तर पुढे जायचंच असेल, तर ते मालिकेच्या अखेरच्या दहा भागांसाठी राखून ठेवावं. शेवट जगाबरोबर वाचण्यात मजा आहे, आणि त्यानंतर टिकवायला काही आघाडीच उरत नाही.

तेच नाणं ॲपमध्ये महाग

नेव्हरची एक कुकी पूर्वी 100 वॉनची होती. मे 2022 मध्ये अँड्रॉइड ॲपवर ती 120 वॉनची झाली. काकाओपेजवर 1,000 कॅशला 1,200 वॉन पडू लागले. कॉमिक महाग झालं नव्हतं. गुगलनं ॲपच्या आतली खरेदी आपल्या ठरवून दिलेल्या पेमेंट पद्धतीनंच करायची सक्ती केली होती. त्यात गुगल तेव्हा 30 टक्क्यांपर्यंत वाटा घेत होतं, आणि कंपन्यांनी तो भार वाचकावर टाकला. कोरियाच्या संसदेनं 2021 मध्ये अशी सक्ती रोखायला कायदा केला होता. त्यावर गुगलनं दुसरी पेमेंट पद्धत वापरायला परवानगी दिली, पण तिथेही वाटा जेमतेम चार टक्क्यांनी कमी ठेवला. कायदा राहिला, भाववाढही राहिली.

वाचकासाठी यातून निघालेली पळवाट सोपी होती. तीच कुकी कंपनीच्या वेबसाइटवर, ब्राउझरमधून घेतली तर 100 वॉनलाच मिळत होती, आणि ॲपमध्ये लॉगिन केल्यावर वापरता येत होती. आठवड्याला पाच मालिकांचा एकेक भाग 3 कुकींना घेणाऱ्याचा चार आठवड्यांचा खर्च ब्राउझरमधून 6,000 वॉन, ॲपमधून 7,200 वॉन. तुम्ही जे ॲप वापरता त्याच्या वेबसाइटवर नाणी मिळतात का, हे एकदा बघून ठेवावं. मात्र काही ॲपमध्ये एका ठिकाणी घेतलेली नाणी दुसरीकडे दिसत नाहीत. आयफोनवर घेतलेली अँड्रॉइडवर चालत नाहीत. फोन बदलायच्या बेतात असाल तर आधी नाणी संपवा.

इतके लोक फुकट वाचतात, मग कंपनीचं भागतं कसं?

नेव्हरची वेबटून कंपनी जून 2024 मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदली गेली. त्या वेळी तिनं दिलेल्या कागदपत्रांनुसार जगभरात महिन्याला सुमारे 17 कोटी लोक तिची ॲप्स वापरत होते आणि त्यातले पैसे देणारे होते 78 लाख. शंभरातले पाचही नाहीत. तरीही उत्पन्नाचा सर्वांत मोठा हिस्सा, साधारण पाचातले चार, वाचकांनी थेट दिलेल्या पैशांतूनच येत होता. उरलेलं जाहिराती आणि कथांवरून होणाऱ्या मालिका-सिनेमांतून.

तेव्हा न थांबणारे पाच जण धंदा चालवतात आणि थांबणारे पंच्याण्णव जण मालिकेभोवती गर्दी जमवतात. ते मित्राला सांगतात, क्रमवारीत मालिका वर नेतात, त्यांच्यातलाच एखादा कथेच्या ऐन वळणावर पाचांत जाऊन बसतो. फुकट वाचणाऱ्यानं ओशाळायचं कारण नाही. तोही हिशेबात धरलेला आहे.

आणि चित्रकाराला काय मिळतं?

ही तक्रार रास्त आहे. वाचकानं नाणी दिली की स्टोअरचा वाटा, मग ॲपचा, मग बऱ्याचदा मध्ये असलेल्या निर्मिती कंपनीचा, आणि उरलेलं चित्रकार-लेखकाचं. अनेकांना आधी हमीची रक्कम आगाऊ मिळते आणि कमाईतून ती वळती होईपर्यंत हातात जादा काही पडत नाही. 2021 मध्ये काकाओच्या वाट्यावरून कोरियाच्या संसदेतही प्रश्न विचारले गेले. फुकट तिकिटावर वाचलेल्या भागातून नाण्यासारखी थेट कमाई होत नाही, म्हणून आवडत्या चित्रकाराला हातभार लावायचाच असेल तर ताजा भाग नाण्यांनी घेणं हा थेट मार्ग आहे.

मग महिन्याची ठरावीक वर्गणी घेऊन सगळं खुलं का करत नाहीत? कारण वर्गणीत जास्तीत जास्त मिळकत ठरून जाते, आणि हा धंदा उभा आहे तो अधीर वाचक किती देईल याला वरची मर्यादा नसण्यावर. दुसरं असं की भागागणिक विक्रीत कुठल्या मालिकेनं किती कमावलं हे थेट दिसतं. वर्गणीचा गल्ला वाटायचा कसा, यावर भांडणं होतात. लोकप्रिय चित्रकारांना सध्याचीच पद्धत परवडते.

वापरताना कुठे फसायला होतं

सर्वांत जास्त फसगत होते ती 'पुढचा भाग' या बटणावर. भाग संपला की अंगठा आपोआप तिकडे जातो, आणि पुष्टी विचारणारी चौकट एकदा बंद करून ठेवली असेल तर नाणी न विचारता कापली जातात. ही चौकट सेटिंगमधून पुन्हा चालू करता येते का ते पाहा. भाग उघडून लगेच बंद केला तरी तिकीट वापरलं असंच धरलं जातं, आणि एकदा उघडलेल्या भागाचे पैसे परत मिळणं कठीण. न वापरलेली नाणी परत मिळू शकतात, तीही नियमांत बसली तर.

दुसरी फसगत भेट मिळालेल्या नाण्यांची. विकत घेतलेली आणि भेट मिळालेली नाणी एकाच आकड्यात दिसतात, पण भेटीच्या नाण्यांना लवकरची मुदत असते. शिल्लक अचानक घटली तर चोरी समजू नका. व्यवहारांच्या यादीत 'मुदत संपली' अशी नोंद बहुधा सापडेल.

तिसरी गोष्ट 'कायमचं' या तिकिटाची. कायमचं म्हणजे ॲप आणि त्या मालिकेचा करार असेपर्यंतचं. करार संपून मालिका काढली जाणार असेल, तर ॲप आधी सूचना लावतं. ती वाचून काय परत मिळतंय ते त्याच वेळी मागावं.

मुलांच्या फोनपुरतं म्हणाल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू ठेवा. आणि नाणी लागणारच असतील तर लहानात लहान पुडी घ्या. मोठ्या पुडीवर जादा नाणी फुकट असतात खरी, पण पाकिटात पाचशे नाणी असली की भिंत दिसतच नाही.